मिशीसरांचे बंद पडलेले धडे

आमच्या शाळेची वेबसाइट सांभाळणाऱ्या बाई मुळात टायपिस्ट. टाइपरायटर भंगारात गेले, तशा त्या ऑफिसात कोपऱ्याकोपऱ्यानं सरकत संगणकापाशी आल्या, आणि चाळिशी उलटल्यावर सुट्टीच्या वर्गांना जाऊन साइट बनवायला शिकल्या. आमची शाळा ऐकू न येणाऱ्या मुलांची. मुलांनी त्यांना खुणेचं नाव दिलं होतं: दहाही बोटं हवेत टकटक. आम्ही बोलणारे लोक नुसतं ‘बाई’ म्हणायचो. मी शाळेचा क्लार्क, म्हणजे सगळ्यांचा भाऊसाहेब. माझं टेबल चौदा वर्षं त्यांच्या टेबलाला लागून होतं, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं.

साइटवर दोनच गोष्टी कामाच्या होत्या: सुट्ट्यांची यादी आणि मिशीसरांचे धडे.

मिशीसर स्वतः जन्मापासून बहिरे. शाळेत खुणांची भाषा शिकवायचे. राहत्या खोलीत पांढरी चादर टांगून, मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर ठेवून त्यांनी एकशे ऐंशी धडे चित्रित केले. ‘आई’ कशी दाखवायची, ‘काल’ आणि ‘उद्या’ यांतला फरक, भीती वाटली तर कसं सांगायचं. शाळेकडे इतके व्हिडिओ ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते त्यांनी व्हिडिओ दाखवणाऱ्या एका मोठ्या साइटवर स्वतःच्या खात्यात चढवले. बाईंनी त्या प्रत्येकाची चौकट आमच्या साइटच्या पानावर बसवली. पान आमचं, व्हिडिओ तिकडचा. मुलाला मात्र सगळं एकाच जागी दिसायचं. वर्गातल्या टॅबवर आमची साइट आणि तिच्यातल्या चौकटी सोडून दुसरं काही उघडत नाही, मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा, तसा कडक नियम. त्यामुळे मुलं ना जाहिरातीत अडकायची, ना भलतीकडे भरकटायची.

सर गेले त्याला वर्ष होत आलं होतं. एका सोमवारी पहिलीच्या वर्गशिक्षिका ऑफिसात आल्या.

“बाई, सरांचा ‘घर’चा धडा उघडत नाहीये. काळी चौकट येते आणि ‘व्हिडिओ उपलब्ध नाही’ असं लिहून येतं.”

“काढून टाकला की काय कुणी?” असं म्हणत बाईंनी आपल्या संगणकावर ती मोठी साइट उघडून पाहिली. तिथे ‘घर’ मजेत चालू होता. सर दोन्ही तळहातांचं छप्पर करून दाखवत होते.

“तिकडे चालतोय, म्हणजे खोट आपल्याकडे,” बाई म्हणाल्या. आपल्याकडे म्हणजे अर्थात त्यांच्याकडे. चूक आधी स्वतःत शोधायची, ही त्यांची खोड.

दोन दिवस त्या हात धुऊन मागे लागल्या. पत्ता अक्षर अन् अक्षर तपासला. ब्राउझर बदलला, साठलेलं सगळं पुसलं. मग त्याच चौकटीत सरांचा दुसरा धडा बसवून पाहिला, तर तो ठणठणीत चालला. ‘घर’ मात्र एका ओळखीच्या ग्रंथालयाच्या साइटवर बसवून पाहिला, तर तिथेही काळाच.

“म्हणजे आपल्या पानाचा दोष नाही, भाऊसाहेब. या व्हिडिओलाच दुसऱ्याच्या दारात जायची बंदी आहे.”

“बंदी कोण घालणार? सर तर नाहीत.”

टॅबवर बसावी म्हणून त्यांनी चौकट लहान ठेवली होती. ती मोठी केल्यावर खालची कापली गेलेली ओळ दिसली. एका संगीत कंपनीचं नाव होतं, आणि पुढे असं की या व्हिडिओत त्या कंपनीच्या मालकीचा मजकूर आहे, कंपनीनं तो या साइटवर दाखवायला मनाई केली आहे.

“संगीत?” मी हसलोच. “मिशीसरांच्या धड्यात?”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून इअरफोन काढले. आमच्या ऑफिसातल्या संगणकाला स्पीकर कधी नव्हताच. बहिऱ्यांच्या शाळेत कशाला हवा? त्यांनी ‘घर’ पहिल्यापासून लावला आणि आवाज पूर्ण वाढवला. मग त्यांतलं एक टोक माझ्या कानात घालायला दिलं.

गाणं वाजत होतं. लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखं, पण शब्द कळतील इतकं स्पष्ट. मध्येच शिलाई मशीनची खडखड. सरांच्या खोलीला लागून शिंप्याचं दुकान होतं, आणि शिंप्याचा रेडिओ दिवसभर चालू असायचा. सर पाच वर्षं त्या आवाजात बसून धडे करत राहिले आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. आम्हा ऐकणाऱ्यांनाही नव्हता, कारण आम्हीही ते कधी आवाज लावून पाहिले नव्हते.

बाईंनी मला मग नीट समजावून सांगितलं. त्या मोठ्या साइटवर गाण्यांचे मालक आपापली गाणी नोंदवून ठेवतात, आणि यंत्र सगळ्या व्हिडिओंतून ती हुडकत राहतं. नवं गाणं नोंदवलं की वर्षांपूर्वीचे व्हिडिओही त्यात सापडतात. सापडल्यावर काय करायचं ते मालक ठरवतो. या मालकानं ठरवलं होतं की व्हिडिओ मोठ्या साइटवर चालू दे, तिथल्या जाहिरातींचा फायदा त्याला मिळतो. बाहेरच्या कुठल्याही पानावर नको. म्हणून तिकडे सर हात हलवत होते आणि आमच्याकडे काळोख होता.

“मग ते गाणं पुसता येत नाही?”

“येतं की. खात्यात शिरायचं, तेवढा आवाज बंद करायचा, कंपनीचा दावा उठतो. या धड्याला आवाजाची गरजच काय! नाहीतर हरकतही घेता येते. पण दोन्ही गोष्टी ज्याचं खातं त्यानंच करायच्या.”

खात्याचा पासवर्ड सरांबरोबर गेला. तो बदलायचा तर ओटीपी त्यांच्या फोन नंबरवर जाणार, आणि तो नंबर केव्हाच दुसऱ्या कुणाला मिळालेला. बाईंनी त्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या माणसानं “राँग नंबर” म्हणून ठेवून दिला.

बाईंनी एकेक करून सगळे धडे आवाज लावून ऐकले. सतरा आताच बंद होते. आणखी चव्वेचाळीसमध्ये रेडिओ ऐकू येत होता. ते आज चालत होते, उद्याचं कुणी सांगावं. त्या वहीत यादी करत होत्या आणि मी पाहत होतो, की इतक्या वर्षांत मिशीसरांची खोली त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. एका धड्यात कुणीतरी दार बडवतंय आणि सर शांतपणे ‘पाहुणे’ शिकवताहेत. बाईंनी तो धडा पुन्हा पहिल्यापासून लावला.

एक वाट उरली होती. सरांचे मूळ व्हिडिओ मिळवायचे, आवाज काढून टाकायचा आणि शाळेच्या खात्यातून नव्यानं चढवायचे. मोठ्या बाई म्हणाल्या, “घरच्यांची लेखी परवानगी आणा, मगच.” घरचे म्हणजे एकुलता एक मुलगा. त्याचं चष्म्याचं दुकान. आम्ही दोघं गेलो.

तो ऐकू येणारा, चाळिशीतला, बोलायला मऊ. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी घट्ट करत त्यानं बाईंचं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

“बाबांचा फोन आहे माझ्याकडे. व्हिडिओही असतील त्यात,” तो म्हणाला.

बाईंचा चेहरा उजळला. “मग काम झालंच म्हणायचं! मी इथेच बसून कॉपी करून घेते, तुम्हाला त्रास नाही.”

“देणार नाही मी.”

काडी घट्ट झाली होती, तरी तो स्क्रू फिरवत राहिला.

“बाई, बाबा तुमच्या शाळेत किती वर्षं होते?”

“सव्वीस.”

“आणि कायम कधी झाले?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला ठाऊक होतं, कारण दरवर्षी जूनमध्ये त्यांचं तात्पुरत्या नेमणुकीचं पत्र मीच लिहायचो. सव्वीस पत्रांतली बारा माझ्या हातची.

“बहिऱ्या मुलांच्या शाळेत बहिरा मास्तर तात्पुरता,” मुलगा म्हणाला. “ते कधी बोलले नाहीत. आता मी बोलतोय. त्यांनी दिलं तेवढं दिलं. आता मागू नका.”

“तुमचं बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “पण पोरांनी काय केलंय?”

“पोरांनी काही नाही केलं. मी काय केलं होतं, दर मे महिन्यात बिनपगारी घरात दिवस काढायला?”

आम्ही उठलो. निघताना त्यानं आम्हाला दारापर्यंत सोडलं, हेही सांगायला हवं.

रस्त्यात मी म्हणालो, “स्क्रीनवरून उतरवून घ्या ना गुपचूप. कोण बघतंय?”

“नाही म्हणाला ना तो. आता घेतलं तर ती चोरी, भाऊसाहेब.”

शेवटी बाईंनी मोठ्या साइटला लिहिलं: खातेदार वारले आहेत, आम्ही शाळा आहोत, गाणं चुकून आलं आहे. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. खात्याची माहिती फक्त जवळच्या नातेवाइकालाच मागता येईल. कागदपत्रं दिली तरी पासवर्ड देत नाही. नातेवाइकाची इच्छा असेल तर खातं बंद करता येईल. ते वाचून बाईंनी पुढे लिहिणं सोडलं. खातं बंद झालं असतं तर उरलेसुरले धडेही गेले असते. संगीत कंपनीलाही लिहिलं होतं, तिथून उत्तर आलंच नाही.

काळ्या चौकटी काढून बाईंनी तिथे मोठ्या साइटवरच्या धड्यांचे दुवे टाकले. ऑफिसातल्या संगणकावर ते उघडायचे, वर्गातल्या टॅबवर नाही. नियम सैल करून पाहिला. पहिल्याच तासाला अर्धा वर्ग ‘घर’वरून मोटारींच्या शर्यतीत पोचला. मोठ्या बाईंनी त्याच दिवशी नियम पुन्हा आवळला.

मग बाई आणि पहिलीच्या शिक्षिका, दोघींनी नवे धडे करायला घेतले. पण ऐकणाऱ्या माणसाची खूण पाठ केलेली असते. सरांच्या हातात ती बोलायची, भुवया आणि खांदेसुद्धा बोलायचे. मुलं दोघींचे धडे सौजन्यानं पाहायची, जसं आपण परक्याचं अडखळतं मराठी ऐकून घेतो. एका मुलीनं ओठांवरून दोन बोटं फिरवून सरांची खूण केली आणि हात उताणे केले: कुठे आहेत? बाईंनी तिला खुणेनं काहीतरी सांगितलं. ते तिला पटलं नाही, हे मला दारातूनही दिसलं.

दर सोमवारी बाई सगळे धडे तपासायच्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बंद धडे सतराचे एकोणतीस झाले. त्या निवृत्त झाल्या त्या महिन्यात त्रेचाळीस. त्यांच्या जागी कुणाची नेमणूक झाली नाही. साइट माझ्याकडे आली. मला त्यातलं फारसं कळत नाही. जो धडा काळा दिसतो त्याची चौकट मी काढून टाकतो. गेल्या आठवड्यात ‘काल’ गेला. ‘उद्या’ अजून चालतो, पण त्यातही रेडिओ आहे.