चार नंबरचं सॅम्पल

रामजीकाकांना वास येत नाही, हे आमच्या परळच्या चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचं अगरबत्ती-मेणबत्तीचं दुकान चाळीच्या खालीच आहे. करोनाच्या तापात वास गेला तो परत आलाच नाही. अगरबत्ती विकणाऱ्याला वास येत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक फिरकेल का? म्हणून काका गप्प. घरात फक्त कांताकाकूंना माहीत होतं; त्या होत्या तोवर निभावलं. कुठलंही नवीन सॅम्पल आलं की त्या घरी लावायच्या आणि हो की नाही एका शब्दात सांगायच्या. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, आणि काका नेहमीचाच माल मागवत राहिले.

या एप्रिलमध्ये तो नेहमीचा कारखाना बंद पडला. बुद्धपौर्णिमा तोंडावर. वर्षाचा निम्मा धंदा त्या दिवसांतला. काकांनी वसईच्या एका कारखान्याला व्हॉट्सअॅप केलं, अगदी अर्ज लिहावा तसं: ‘महोदय, परळला माझे छोटे दुकान आहे. पहिली ऑर्डर देण्यापूर्वी मोफत सॅम्पल व भावपत्रक पाठवावे, ही विनंती.’

तिथल्या मनाली नावाच्या मुलीने तासाभरात उत्तर दिलं. सॅम्पल फुकट, कुरिअरचा खर्च तुमचा. भावपत्रकात पाकिटाची एमआरपी, दुकानदाराचा भाव, जीएसटी वेगळा. कमीत कमी एक कार्टन घ्यायचा, एकाच वासाचा. पहिल्या ऑर्डरचे पैसे आगाऊ. माल परत घेतला जाणार नाही. म्हणजे वास चुकला तर अख्खा कार्टन गळ्यात.

सॅम्पल आलं. सहा पिशव्या, प्रत्येकीत पाच काड्या, वर नुसते नंबर.

त्या आठवड्यात काका रोज सकाळी आमच्याच मजल्यावरच्या आपल्या खोलीचं दार सताड उघडं टाकून एक काडी लावत होते. मी स्वभावाने तापट. सासूबाईंना दमा आहे. पहिल्याच दिवशी मी गॅलरीत येऊन ओरडले, “काका, काय धूर केलाय हा!” आणि दार धाडकन लावलं. पुढेही लावत राहिले. समोरच्या विकासनेही तेच केलं. काय चाललंय म्हणून कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

बुधवारी मेणबत्त्या घ्यायला दुकानात गेले. काका मोबाईलवर ऑर्डर लिहीत होते. शेजारी वही उघडी होती. ‘नं. १ गुरुवार – दर्शनाने दार लावले. नं. २ शुक्रवार – दर्शना, विकास, दोघांनी.’ दर्शना म्हणजे मी. असं सहापर्यंत. चार नंबरपुढे फक्त ‘कोणी दार लावले नाही’, आणि खाली दोन रेघा.

“हे काय हो काका?”

आधी त्यांनी वही झाकली. मग काय वाटलं कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. वास, काकू, सगळं. “चार नंबर सगळ्यांना आवडला ना गं? तोच मागवतोय. आता पैसे पाठवायचे तेवढे बाकी.”

मी बोटांवर वार मोजले. चार नंबर म्हणजे रविवार. रविवारी सकाळी चाळीच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग होती, शाळेच्या हॉलमध्ये. अख्खा मजला तिकडे होता. सासूबाईसुद्धा. दार लावायला होतं कोण?

“काका, थांबा, पैसे पाठवू नका,” म्हटलं. “रविवारी आम्ही कुणी नव्हतोच. मीटिंगला गेलेलो. आणि मी दार लावायचे ते धुरापायी. वासाकडे माझं लक्षच नव्हतं.”

त्यांनी हळूच मोबाईल खाली ठेवला.

मी पिशव्या मागितल्या आणि दुकानाच्या पायरीवर बसून एकेक काडी लावली. मध्ये मध्ये रस्त्यावर जाऊन नाक मोकळं करून यायचे. चार नंबर फरशी पुसायच्या फिनेलसारखा निघाला. दोन नंबर मात्र छान होता, चंदनाचा, सौम्य. “हा घरात लावेन मी,” म्हटलं. “धूरही कमी आहे याला.”

“नक्की?”

“नक्की.”

काकांनी चाराच्या जागी दोन केलं, पैसे पाठवले. मनालीचं उत्तर आलं, शनिवारी माल निघेल. पौर्णिमेच्या आत पोचणार. मला एकदम हलकं वाटलं, मी मेणबत्त्या उचलल्या.

काका वहीतल्या त्या पानाकडे बघत होते. मान वर न करताच म्हणाले, “दर्शना, मीटिंगला जाताना मला कुणी हाक का नाही मारली गं? मी घरीच होतो.”