नऊ फोन

तिसऱ्या वर्षाला इंटर्नशिप सक्तीची होती. पालघरच्या आमच्या कॉलेजातल्या बहुतेक मुलींनी ओळखीतून मुंबईत काहीतरी पाहिलं. माझी ओळख कुणाशीच नव्हती, त्यामुळे मी बोईसरमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात अर्ज केला आणि त्यांनी घेतलं. हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या, सहा माणसं. मालकांना सगळे सर म्हणत. मला ज्यांच्या हाताखाली दिलं त्या मूळच्या अमरावतीच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या. त्यांना मी ताई म्हणायचे.

ऑफिसचं मुख्य काम म्हणजे एक ॲप. तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटावर जाणाऱ्या कामगारांचा गेटपास त्यात असे. गेटवर फोन उघडून नाव दाखवायचं, वॉचमनने ॲपात त्या नावावर खूण केली की आत. नव्या आवृत्तीत नावाशेजारी फोटोही आला होता, कारण कंपन्यांनी तसा आग्रह धरला होता. ती आवृत्ती सोमवारी बाहेर पडली आणि बुधवारी सकाळी सर जरा तणतणतच आत आले.

"काय चाललंय? क्रॅश-फ्री सत्त्याण्णव पॉइंट आठ. आधीच्या आवृत्तीत नव्याण्णव पॉइंट सहा होतं."

हा आकडा मला ताईंनी पहिल्याच आठवड्यात समजावला होता. ॲप उघडून वापरून बाजूला ठेवलं की एक सेशन. शंभर सेशनांपैकी किती न कोसळता पार पडली, ते क्रॅश-फ्री सेशनचं प्रमाण. अठ्ठ्याण्णवच्या खाली आलं की आमच्या ऑफिसात चहा पिताना कुणी बोलत नसे.

ताईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. दोन क्रॅश वर दिसत होते. पहिला गेटपासची यादी उघडताना, तीनशे चाळीस वेळा. दुसरा फोनवर येणाऱ्या सूचनेवर, म्हणजे नोटिफिकेशनवर, बोट ठेवून ॲप उघडताना, दोनशे साठ वेळा.

"आज एकच होईल," सर म्हणाले. "दुसरा शुक्रवारी. कुठला आधी?"

"यादीवाला," मी म्हणाले. तो जास्त वेळा झाला होता, म्हणून.

ताई हसल्या. "घाई करू नकोस. शेजारचा रकाना वाच. किती जणांना झालाय?"

यादीच्या क्रॅशपुढे नऊ वापरकर्ते होते. सूचनेच्या क्रॅशपुढे दोनशे बारा.

"बघ, तीनशे चाळीस वेळा झाला, पण नऊच फोनवर. कुणीतरी हट्टाने पुन्हा पुन्हा उघडतंय. प्रत्येक उघडणं एक सेशन, प्रत्येक सेशन कोसळतंय, म्हणून आपला टक्का खाली गेलाय. पण त्रास किती माणसांना? नऊ. इकडे दोनशे बारा. वेळा मोजून फसायचं नाही."

ते बरोबरच होतं. मी वहीत लिहूनही घेतलं. सर म्हणाले, "मग सूचनेवाला घ्या," आणि फोनवर बोलत बाहेर गेले.

पण मला आईचं आदल्या संध्याकाळचं बोलणं आठवत होतं. आई विक्रमगडकडून आलेल्या बायकांच्या टोळीत आहे. पावसाळा सरला की त्या तारापूरला येतात, एका कंपनीत साफसफाई आणि पॅकिंग करतात. ती म्हणाली होती, "आज दीड तास गेटावर उभ्या होतो, बाय. मुकादमिणीचा मोबाइल उघडतो नि मिटतो. वॉचमन बोलतो, फोटो दिखाओ, नहीं तो उधर बैठो. शेवटी ठेकेदारानं येऊन आत सोडवलं, नि बोलतो, असंच चालू राहिलं तर दुसरी टोळी लावीन."

आणि मी, कॉलेजात शिकणारी मुलगी, काय म्हणाले होते? "तिचा फोन जुना असेल. गाणी-व्हिडिओ पुसायला सांग." तो फोन जुना असेल एवढंच माझ्या डोक्यात आलं. ज्या ऑफिसात मी दिवसभर बसते तिथलंच ॲप ते, हे सुचलंच नाही.

आता मी त्या नऊ फोनांकडे बघत बसले. टोळीतल्या बायकांकडे स्वतःचे फोन नसतात, असले तर साधे. सगळ्यांचे पास मुकादमिणीच्या एका फोनवर. ॲप मात्र फोन मोजत होतं. पण हे म्हणायचं कसं? ताईंनी नियम सांगितला होता, आणि माझ्याकडे काय होतं, तर घरची गोष्ट. ऑफिसात घरच्या गोष्टीला कारण म्हणतात का, हे मला ठाऊक नव्हतं. पाचेक मिनिटं मी नुसती माउस हलवत राहिले. गुरुवारी सकाळी आई पुन्हा गेटवर उभी राहणार, एवढंच शेवटी डोळ्यांसमोर राहिलं.

"ताई, हे नऊ जण कधी उघडतात ते बघू का?"

"बघ की. विचारतेस काय?"

प्रत्येक क्रॅशसोबत वेळ नोंदलेली असते. मंगळवारी पावणेसातला सुरू, साडेआठच्या आसपास बंद. आज बुधवारीही तसंच. दिवसभरात नंतर एकही नाही.

"सकाळी पावणेसातपासून वीस-वीस वेळा कोण ॲप उघडतं?" ताई स्वतःशीच बोलल्या.

"गेटवर उभं असलेलं माणूस," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा सांगावं लागलं. मग एकदा बोलायला लागल्यावर सगळंच सांगितलं. आई, मुकादमीण, एक फोन, दीड तास.

ताईंनी खुर्ची मागे सारून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, चुकलं. त्या म्हणाल्या, "क्रॅशच्या नोंदीत यादीत किती नावं होती तेही येतं. मीच टाकून ठेवलंय आणि मीच बघितलं नाही. काढ."

मी एकेक फोन उघडला. अडतीस. चव्वेचाळीस. एकतीस. तिसाच्या खालची यादी एकही नव्हती. नऊ याद्यांची बेरीज तीनशे एकोणतीस.

"आईला विचार, किती जणी आहेत."

मी खात्री नसताना फोन लावला. आई त्या वेळी कामात असायची, पण आज जेवायच्या सुट्टीत तिने उचलला.

"आई, तुमी किती जणी हाय टोळीत?"

"अडतीस. का गं? तुला यायचं हाय का?"

मागे बायका हसल्या. कुणीतरी ओरडलं, "शिकून पन झाडूच मारणार काय पोर!"

मी फोन ठेवला आणि नुसतं "अडतीस" म्हणाले. सर तोपर्यंत परत आले होते. ताईंनीच त्यांना सांगितलं, माझं नाव घेऊन.

सर लगेच पटणारे नव्हते. "मुकादमांचे फोन आहेत हे मान्य. पण क्रॅश मोठ्या यादीनेच होतो हे कशावरून? आपण तपासलं होतं."

"किती नावं घेऊन तपासलं होतं?" ताईंनी विचारलं.

आमच्या चाचणीच्या यादीत पाच नावं होती. पाचही ऑफिसातली माणसं.

कपाटात एक स्वस्तातला, कमी मेमरीचा जुना फोन चाचणीसाठी ठेवलेला असे. त्यात मी चाळीस नावं भरली आणि प्रत्येकाला पूर्ण आकाराचा फोटो लावला. यादी उघडली. पडदा पांढरा झाला आणि ॲप बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. सगळे फोटो एकदमच मेमरीत घेतले जात होते, आणि एवढ्याशा फोनला ते झेपत नव्हतं. मग आम्ही दुसरा क्रॅशही करून पाहिला. सूचनेवर बोट ठेवलं की ॲप कोसळे, पण नेहमीच्या चिन्हावरून उघडलं की सरळ चाले. म्हणूनच ते दोनशे बारा जण एकदा वैतागून पुढे गेले होते. नऊ जणांना पुढे जायला वाटच नव्हती.

"आधी यादी," सर म्हणाले.

दुरुस्ती ताईंनी केली. फोटो लहान करून घ्यायचे, आणि पडद्यावर दिसतात तेवढेच. मी शेजारी बसून चाळीस नावांची यादी वर-खाली सरकवत राहिले. एरवी आमची आवृत्ती आधी दहा टक्के फोनांना जाते, सगळं ठीक दिसलं की बाकीच्यांना. मी घाबरत विचारलं, "त्या दहा टक्क्यांत हे नऊ आले नाहीत तर?" सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि ती थेट सगळ्यांना सोडली. संध्याकाळी सहाच्या सुमारास ती स्टोअरवर दिसायला लागली. मी आईला फोन करून मुकादमिणीला अपडेट करायला लावलं. तिने तीनदा विचारलं की गाणी जाणार नाहीत ना. बाकी आठ मुकादमांना ऑफिसातून मेसेज गेले.

गुरुवारी ताई आणि मी सातच्या आत ऑफिसात होतो. नव्या आवृत्तीत यादीचा क्रॅश शून्य दिसत होता. मी हसले.

"थांब," ताई म्हणाल्या. "शून्य क्रॅश म्हणजे कुणी उघडलंच नाही, असंही असेल. आधी सेशनं किती ते बघ. आणि गेटच्या नोंदी."

नव्या आवृत्तीची सेशनं भराभर वाढत होती. सर्व्हरवर गेटच्या नोंदी उघडल्या. सात वाजून आठ मिनिटांनी आईच्या मुकादमिणीची यादी आली. अडतीसपैकी अडतीस आत. मी खुर्चीत मागे टेकले. आईला फोन करावासा वाटला, पण फोन गेटवर जमा होतात, जेवायच्या सुट्टीतच मिळतात, आणि ती आत गेली होती.

साडेसातपर्यंत आठ टोळ्या आत गेल्या. नववी नाही. त्या फोनवर अजून जुनीच आवृत्ती कोसळत होती, दर दोन मिनिटांनी.

"लाव फोन," ताईंनी नंबर पुढे केला.

"मी?"

"मला त्यांची बोली येते का?"

मुकादम चिडलेला होता. "कोण तुमी? इथं एक्केचाळीस मानसं उनात हाय!"

"काका, मी ॲपच्या ऑफिसातून बोलते. काल मेसेज पाठवला होता."

"मेसेज वाचायला टायम हाय का?"

"नाय ना. म्हनून मीच सांगते. तुमी फोन कट नका करू, मी सांगते तसं दाबा."

तो थोडा निवळला. मी एकेक पायरी सांगत गेले. मधे नेट गेलं, त्याने मला आणि नेटला दोघांना शिव्या घातल्या, मग पुन्हा आलं. अपडेट झालं. "आता उघडा, काका."

मग तो कुणाला तरी म्हणाला, "अरे, दिसतो की तुझा थोबडा! चला, लाइन लावा."

त्याने फोन ठेवला नव्हता. मला वॉचमनचा आवाज ऐकू येत होता, एकेक नाव पुकारणारा, आणि समोर सर्व्हरवर तीच नावं एकापाठोपाठ हिरवी होत होती. ताई चहा घेऊन आल्या. मी तो हातात धरला आणि एक्केचाळिसावं नाव येईपर्यंत मोजत राहिले.