एक्स विरुद्ध जर्मनी

श्यामकांत नवाथे मला पहिल्यांदा भेटले ते छप्पन्न साली, हॅम्बर्गमध्ये, गणपतीच्या आरतीला. एका विद्यार्थ्याच्या खोलीत आम्ही नऊजण जमलो होतो. शेजारणीने तक्रार करू नये म्हणून टाळ्या हलक्या हाताने वाजवत होतो. नवाथे उशिरा आले, कडेवर तीन महिन्यांची मुलगी घेऊन. "ही शुभा. हिच्या आईला सर्दी झालीय, म्हणून मीच घेऊन आलो," म्हणाले, आणि आरती संपेपर्यंत तिच्या कानावर हात धरून उभे राहिले.

ते मूळचे सांगलीचे. जहाजबांधणीत डॉक्टरेट करायला आले आणि बंदराजवळच्या एका कारखान्यात क्रेनचे हिशेब करायच्या नोकरीत राहिले. बायको गेर्डा तिथल्याच ड्रॉइंग ऑफिसात होती. मी त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, पुण्याहून कायदा शिकून आलेला, मानवी हक्कांवर प्रबंध लिहिणारा. घरात कायदा बोलणारा कुणीतरी असावा असं त्यांना वाटे, म्हणून बोलावत. मला तिथे आमटी मिळे, म्हणून मी जाई.

साठ साली गेर्डा मुलीला घेऊन आईकडे गेली, हॅम्बर्गपासून दोन तासांवरच्या एका गावी. पुढच्या वर्षी घटस्फोट झाला. दोष कुणाचा यात मी पडत नाही. गेर्डा वाईट नव्हती. नवाथे हट्टी होते. मुलगी आईकडे राहिली आणि नवाथेंना दर दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, भेटायची परवानगी मिळाली. ते पहाटे उठून आगगाडीने जात. डब्यात बेसनाचे लाडू असत. शुभा ते खाई आणि जर्मनमध्ये आणखी मागे.

बासष्टच्या फेब्रुवारीत नवाथेंच्या आईचं पत्र आलं: डोळे जाण्याआधी नातीला एकदा पाहीन म्हणते. नवाथे एका जहाज कंपनीच्या कचेरीत चौकशी करून आले. तिथलं मुंबईच्या बोटींचं रंगीत पत्रक त्यांनी रविवारी शुभाला दाखवलं. बोटीचं चित्र आवडलं म्हणून तिने ते कोटाच्या खिशात घातलं.

ते गेर्डाला सापडलं.

महिन्याभरात तिथल्या पालकत्वाच्या कोर्टाने हुकूम काढला: बाप मुलीला परदेशी नेईल अशी भीती आहे; पुढील आदेश होईपर्यंत भेटी बंद. नवाथेंनी चौकशी केली होती, तिकीट काढलं नव्हतं. मुलीच्या नावाचा पासपोर्टसुद्धा नव्हता. त्यांचे वकील डॉक्टर ब्रूगमान यांनी हे सगळं वरच्या कोर्टात मांडलं. तिथे हरले. त्याच्याही वरच्या कोर्टात गेले. त्रेसष्टच्या चार एप्रिलला तिथला निकाल वकिलांच्या हाती पडला: खालचा हुकूम योग्य आहे.

ब्रूगमान सरळ माणूस होता. त्याने पत्रात लिहिलं होतं, "आता कार्ल्सरूहेच्या घटना न्यायालयात तक्रार करता येईल. मुदत एक महिना. यशाची शक्यता फार थोडी. आपली इच्छा कळवावी."

ते पत्र घेऊन नवाथे माझ्याकडे आले. मी विद्यापीठाच्या सेमिनार लायब्ररीत बसलो होतो.

"दिनकरराव, हे काय करू?"

मी पत्र वाचलं. तो क्षण मला नीट आठवतो, कारण मला फार आनंद झाला होता. इतकी वर्षं पुस्तकांत वाचलेली गोष्ट माझ्या टेबलावर येऊन बसली होती.

"कार्ल्सरूहे सोडा," मी म्हणालो. "तिथे शंभर तक्रारी गेल्या तर एखादी टिकते. वर्ष जाईल. सरळ स्ट्रासबुर्गला जाऊ. युरोपच्या मानवी हक्क आयोगाकडे."

"पण तिथे जाण्याआधी इथले सगळे उपाय संपवावे लागतात, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. कलम सव्वीस. इथले उपाय संपवायचे आणि शेवटच्या निकालापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. तुमची तीन कोर्टं झाली. झालं की. घटना न्यायालय हे काही नेहमीचं अपील नव्हे, तो असाधारण उपाय. तो धरत नाहीत."

"नक्की?"

"नक्की. आणि मुलगी मोठी होतेय, नवाथे. वर्ष फुकट का घालवता?"

या शेवटच्या वाक्याने ते वळले. ब्रूगमानला त्यांनी कळवलं, कार्ल्सरूहेला जायचं नाही. त्याने उलट लिहिलं की अर्जाला न्यायालय शुल्क नाही, प्रयत्न करून पाहायला हरकत नसावी. ते पत्र नवाथेंनी मला दाखवलं. मी म्हणालो, वकिलांना काम हवं असतं. चार मे आला आणि गेला.

अर्ज मी लिहिला. कुटुंबजीवनाचा आदर, कलम आठ, बोटीचं पत्रक, आजीचे डोळे. ऑगस्टमध्ये तो पाठवला. सहा महिन्यांच्या मुदतीत व्यवस्थित. नवाथेंनी पोस्टात पाकिटाच्या चारी कडा हाताने दाबून पाहिल्या.

डिसेंबरात आयोगाच्या सचिवालयाचं उत्तर आलं. नोंदणी क्रमांक होता, आणि एक प्रश्न: अर्जदाराने घटना न्यायालयात तक्रार केली आहे काय? केली असल्यास निकालाची प्रत पाठवावी.

मी ते पत्र दोनदा वाचलं. मग लायब्ररीत जाऊन आयोगाच्या निर्णयांचे खंड काढले. आधी काढायला हवे होते. जर्मनीविरुद्धच्या अर्जांत कार्ल्सरूहेची तक्रार हाही संपवायचाच उपाय, हे आयोगाने एकदा नव्हे, अनेकदा म्हटलेलं होतं. यशाबद्दल नुसती शंका असणं ही सबब चालत नाही, हेही.

नवाथेंना मी एवढंच सांगितलं, "एक कागद राहिलाय. आता करून टाकू."

जानेवारीत ब्रूगमानने कार्ल्सरूहेला तक्रार पाठवली. पाठवताना तो मला म्हणाला, "हेर कोल्लेगे, वकीलबंधू, मुदत गेली आहे. तिथे गेलेली मुदत परत मिळत नाही." मार्चमध्ये चार ओळींचा निकाल आला: तक्रार उशिरा दाखल झाली, म्हणून विचारात घेता येत नाही.

मी ताबडतोब स्ट्रासबुर्गला लिहिलं, पाहा, आता तोही उपाय संपला. लिहिताना मला माहीत होतं की हे खरं नाही. दार बंद झाल्यावर ठोठावणं म्हणजे आत जाऊन येणं नव्हे. तरी लिहिलं. अर्जदार परका, कायदा त्याला ठाऊक नव्हता, अशी विशेष परिस्थितीही मांडली. त्याच्या फायलीत त्याच्याच वकिलाची दोन पत्रं असताना.

ते वर्षभर नवाथे थांबले. दर दुसऱ्या रविवारी गाडीने त्या गावी जात, स्टेशनवरच्या उपाहारगृहात बसत आणि सहाच्या गाडीने परत येत. हुकूम मोडायचा नाही म्हणून स्टेशनाबाहेर पाऊल टाकत नसत. हे मला माझ्या बायकोने, कुसुमने सांगितलं. ती त्यांना भाऊ मानत असे. मला त्यांनी कधी सांगितलं नाही.

पासष्टच्या एप्रिलमध्ये निर्णय आला. सरकारला काही विचारावं लागलंच नव्हतं, सुनावणीही नव्हती. गुप्ततेसाठी नाव काढून टाकलेलं: एक्स विरुद्ध जर्मन संघराज्य. अर्जदाराने घटना न्यायालयात मुदतीत तक्रार केली नाही. मुदतीबाहेरची तक्रार फेटाळली जाणं म्हणजे उपाय संपवणं नव्हे. यशाबद्दलची शंका किंवा कायद्याचं अज्ञान ही विशेष परिस्थिती नव्हे. म्हणून अर्ज दाखल करून घेण्याजोगा नाही. त्यावर अपील नाही.

नवाथेंनी तो आमच्या स्वयंपाकघरात वाचला. कुसुम चहा गाळत होती.

"यात शुभाबद्दल काहीच नाही," ते म्हणाले.

"तिथपर्यंत ते पोचतच नाहीत," मी म्हणालो. "अर्ज दाखल झाला तर मग..."

"म्हणजे मी पत्रक दाखवलं, एवढ्यावरून मुलगी तोडावी की तोडू नये, हे कुणी पाहिलंच नाही?"

"नाही."

त्यांनी पान उलटलं. आयोगाने आपल्या जुन्या निर्णयांचे आकडे तिथे दिले होते.

"हे जुने निर्णय म्हणतात, ते कुठे मिळतात?"

मी समोरची कपबशी सरळ केली.

"तुमच्या लायब्ररीत असतील?"

"आहेत."

"तेव्हा होते? मी तुमच्याकडे आलो तेव्हा?"

"होते," मी म्हणालो. "मी बघितले नाहीत."

त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी चहा घेतला, कुसुमला "वहिनी, आलं छान लागलंय" म्हणाले, आणि कागद घडी करून आतल्या खिशात ठेवले.

माझा प्रबंध पुढच्या वर्षी मंजूर झाला. उपाय संपवण्याच्या अटीवरचं प्रकरण परीक्षकांनी विशेष वाखाणलं. त्यात एका तळटीपेत एक्सचा निर्णय होता. कुसुमने ते पान पाहिलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

भेटीचा हुकूम परिस्थिती बदलली तर बदलता येतो, म्हणून सहासष्टच्या शरद ऋतूत ब्रूगमानने पहिल्याच कोर्टात पुन्हा अर्ज केला. नवाथेंच्या आई तोपर्यंत गेल्या होत्या. नेण्याचं कारणच उरलं नव्हतं. न्यायाधीशाने दहा वर्षांच्या मुलीला आत बोलावून एकटीशी बोलायचं ठरवलं. मी सोबत गेलो होतो. नवाथे नको म्हणाले नव्हते.

आम्ही लांब बाकावर बसलो. पलीकडे गेर्डा. वीस मिनिटांनी दार उघडलं. मुलगी उंच झाली होती, केस कापलेले. आता तिला सगळे आनेग्रेट म्हणत. जन्मदाखल्यावरचं तिचं दुसरं नाव. आईकडे जाता जाता ती नवाथेंसमोर थांबली, शिकवल्याप्रमाणे हात पुढे केला आणि म्हणाली, "गुटन टाग."

नवाथेंनी तो हात दोन्ही हातांत घेतला. "शुभा, किती मोठी झालीस गं."

तिने हात हळूच सोडवला आणि आईकडे वळून विचारलं, "वास झाग्ट एर?" हा काय म्हणतोय?

न्यायाधीश चांगला माणूस होता. त्याने नवाथेंना आत बसवून सांगितलं, चार वर्षांपूर्वीची भीती आता मला वाटत नाही. पण मुलगी तुम्हाला ओळखत नाही, तिला भेटी नको आहेत, आणि तिच्यावर बळजबरी करणं तिच्या हिताचं नाही. लवकर आला असतात तर, असं काहीतरी तो म्हणाला. ब्रूगमान माझ्याकडे न पाहता कागद आवरू लागला. नवाथेंनी तिथल्या तिथे अर्ज मागे घेतला.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. हॅम्बर्ग येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर पाऊस. उतरताना मी म्हणालो, "रविवारी जेवायला या. कुसुम वाट बघेल."

"वहिनींना माझा नमस्कार सांगा," ते म्हणाले. "आणि दिनकरराव, तुम्ही आता माझ्याकडे येत जाऊ नका."

छत्री उघडून ते घाटाकडे गेले. त्यांच्या घरी नेणारी बोट तिथून सुटत असे.