लागलेल्या दिव्यांखालून

माझे बाबा लालबागच्या मागच्या गल्ल्यांमध्ये गॅसचे दिवे लावायचे. संध्याकाळी गॅसच्या चौकीतून लांब काठी घ्यायची, तिच्या टोकाच्या आकड्याने एकेका दिव्याची कळ ओढायची, दिवा नीट पेटला की पुढे. नेमून दिलेली एकही गल्ली सोडायची नाही आणि पुरता अंधार पडायच्या आत काठी चौकीत परत आणून द्यायची. वर्षानुवर्षं त्यांनी हे बिनबोभाट केलं होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत माझा भाऊ गोळी लागून गेला. गिरणीत बदली कामगार होता. पाळी संपवून घरी निघाला होता, मोर्चात नव्हता. हे मी आजही सांगते, आणि का सांगते ते मलाच कळत नाही. मोर्चात असता तर काय बिघडलं असतं? त्याला आम्ही हॉस्पिटलातून थेट स्मशानात नेलं. कुठे पडला, कोणासमोर पडला, याबद्दल आमच्या खोलीत कोणी बोललं नाही. आई भिंतीकडे तोंड करून बसायची. बाबा तेरा दिवस झाल्यावर काठी घेऊन कामाला गेले.

त्यानंतर त्यांना उशीर व्हायला लागला. पाय आधीपासून दुखरा होताच, गुडघा सुजायचा. शेवटच्या गल्ल्यांत काळोख पडायचा, लोक आरडाओरडा करायचे. मुकादम आमच्या चाळीत येऊन दारातच म्हणाला, “काका, पावसाळा सरेपर्यंत बघतो. तुमच्याने होत नसेल तर दुसरा माणूस घ्यावा लागेल. माझ्यावर पण साहेब आहे.” माणूस वाईट नव्हता. चहा न घेता गेला, एवढंच.

घरात कमावते आता बाबा एकटेच होते. मी कॉलेजात गणित शिकत होते. आमच्या चाळीत त्याचं कौतुक कमी आणि चेष्टा जास्त. “काय गो, पावकी-निमकी अजून संपली नाय?” असं शेजारची काकू विचारायची. मला राग यायचा. राग मला लवकर येतो, आणि हिशेबात न बसणाऱ्या माणसांचा तर फारच.

एका संध्याकाळी मी बाबांबरोबर निघाले. बाईमाणूस काठीवाल्याच्या मागे चालतंय म्हणून लोक बघत होते, बघू देत. भिंतींवर ‘मुंबईसह’ अशी चुन्याने लिहिलेली अक्षरं होती, त्यातली अर्धी कोणी तरी खरवडलेली. बाबा मान वर करून दिवा पेटवत, मान खाली घालून चालत. आणि मग माझ्या लक्षात आलं की मधेच आम्ही अशा गल्लीतून चाललोय जिथले दिवे आधीच लागलेत. वर उजेड, खाली बाबा लंगडत चाललेले, आणि काठीला काहीच काम नाही. असं त्या संध्याकाळी दोनदा झालं. देवळापासून गिरणीच्या दरवाज्यापर्यंतची अख्खी मागली गल्ली, आणि नळापासून इराण्याच्या हॉटेलपर्यंतचा रस्ता.

“ह्या गल्लीतून पुन्हा कशाला आलो?” मी विचारलं.

“वाटेत येते,” बाबा म्हणाले.

मला हायसं वाटलं. म्हणजे दुखणं गुडघ्यात होतं तितकंच वाटेतही होतं, आणि वाटेला माझ्याकडे औषध होतं.

कॉलेजच्या वाचनालयात कोड्यांच्या एका पुस्तकात पुलांचं कोडं मी वाचलं होतं, सगळे पूल एकेकदाच ओलांडायचे असं. त्यातली गोष्ट साधी आहे. नाक्यावर एका रस्त्याने आलात तर दुसऱ्याने बाहेर पडायला हवं. म्हणजे रस्ते जोडीजोडीने संपतात. नाक्याला चार रस्ते असले तर दोनदा यायचं, दोनदा जायचं, भागलं. तीन असले तर एकाला जोडीदार नाही. मग कुठला तरी चाललेला रस्ता पुन्हा चालावाच लागतो. बाबांच्या हद्दीत असे विषम नाके चारच होते. देऊळ, नळ आणि गिरणीचा दरवाजा इथे तीन-तीन रस्ते मिळत, इराण्याच्या हॉटेलपाशी पाच. बाकी सगळीकडे चार, नाहीतर दोन. या चार नाक्यांच्या दोन जोड्या लावायच्या आणि प्रत्येक जोडीमधला सगळ्यात जवळचा रस्ता दोनदा चालायचा. मग प्रत्येक नाक्यावर हिशेब सम होतो, आणि चौकीतून निघून सगळ्या गल्ल्या करून चौकीत परत येता येतं. कमीत कमी किती जादा चालायचं, हे फक्त जोड्या कशा लावता यावर ठरतं.

चार नाक्यांच्या जोड्या तीनच तऱ्हांनी लागतात. मी अंतर दिव्यांनीच मोजलं, कारण खांब जवळजवळ सारख्या अंतरावर होते. बाबांच्या जोड्या अशा होत्या: देऊळ आणि दरवाजा, सतरा दिवे, नळ आणि हॉटेल, पंधरा. बत्तीस दिव्यांचं जादा चालणं. देऊळ-हॉटेल आणि नळ-दरवाजा असं लावलं तर त्याहून वाईट, अडतीस. पण देऊळ आणि नळ यांच्यात सहाच दिवे, दरवाजा आणि हॉटेल यांच्यात आठ. चौदा! निम्म्याहून कमी. मी त्या जोड्यांवरून अख्खी वाट आखली, कुठे वळायचं ते बाबांकडून तोंडपाठ करून घेतलं आणि इतकी खूश झाले की भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले. आईने वळून माझ्याकडे पाहिलं.

बाबा ऐकून म्हणाले, “चालून बघतो.”

आठवडाभर ते माझ्या वाटेने गेले. काठी वेळेत चौकीत. मुकादम रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, “काकांना जोर आला की!” मला वाटलं, जिंकलं. फक्त बाबा जेवेनासे झाले. ताटावर बसायचे, भात चिवडायचे, उठायचे. आई म्हणाली, “पाय दुखत असेल.” पाय तर आता कमी चालत होता.

मग पुन्हा उशीर. मी शोधत गेले तर बाबा मागल्या गल्लीत, लागलेल्या दिव्यांखालून, देवळाकडून दरवाज्याकडे चाललेले. माझं डोकं फिरलं. भर गल्लीत मी ओरडले, “बाबा, आपण रस्त्यावर येऊ! मुकादम काय बोलला ते विसरलात? ही गल्ली पुन्हा चालायची काही गरज नाही!”

बाबा थांबले नाहीत. दरवाज्यापासून तिसऱ्या खांबापाशी मात्र थांबले. काठी भिंतीला टेकवली.

“तो इथे पडला होता,” ते म्हणाले. “पहिल्यांदा येतो ना मी, तेव्हा अंधारून आलेलं असतं. दिवा लावायचा आणि पुढे व्हायचं, वर बघायचं की खाली? दुसऱ्यांदा येतो तेव्हा उजेड असतो. नीट दिसतं.”

त्या फरशीवर बघण्यासारखं काही नव्हतं. एक फुटकी कड, कोणी तरी थुंकलेलं पान. बाबा तिच्याकडे बघत होते आणि मी बाबांकडे. मला खूप रडायचं होतं आणि रडू आलं नाही.

पण डोकं माझं तेच. घरी येईपर्यंत त्यात नवा हिशेब तयार होता. रात्रीचं जेवण झाल्यावर मी बाबांसमोर बसले. म्हटलं, पूर्ण गल्ली पुन्हा चालायला नको. माझ्याच चौदावाल्या वाटेने जा. फक्त दरवाज्यापाशी याल, तेव्हा तिथून गल्लीत तीन दिवे आत जा, त्याला बघा, आणि तसेच मागे फिरा. जाताना तीन, येताना तीन. जेवढं आत गेलात तेवढंच बाहेर आलात, म्हणजे कुठल्याच नाक्यावरचा हिशेब बिघडत नाही. चौदा आणि सहा, वीस. वेळेत होईल. आणि तो रोज भेटेल.

इतकं नेमकं उत्तर मी परीक्षेतही कधी दिलं नव्हतं. आईनेही भिंतीकडून तोंड वळवलं होतं. ती म्हणाली, “असं करा ना हो. पोर एवढं सांगतेय.”

बाबा गुडघा चोळत राहिले.

“तीन दिवे आत जायचं आणि मागे फिरायचं,” ते म्हणाले. “तेच केलं होतं त्या दिवशी.”

आम्हाला समजलं नाही. आई म्हणाली, “म्हणजे?”

“दरवाज्याकडून आत शिरलो होतो मी. काठी हातात होती. पोरं पळत येत होती, कोणी तरी ओरडलं, काका, मागे फिरा, गोळ्या चालल्यात. तिसऱ्या खांबाखाली कोणी तरी पडलेलं दिसलं मला. पालथं होतं. गिरणीतलं कोणी पोर असेल, वाटलं. मी फिरलो मागे.”

शेजारच्या खोलीत कोणी तरी भांडी घासत होतं, तो आवाज तेवढा येत राहिला.

“आता मागे फिरायला सांगू नको गो,” बाबा मला म्हणाले. “देवळाकडून येतो, त्याच्यावरून पार दरवाज्यापर्यंत जातो. लांब पडतं ते ठाऊक आहे मला. पण मागे फिरणं नाही होत.”

त्यानंतर मी वाटेबद्दल एक अक्षर बोलले नाही. आई रोज त्यांच्या गुडघ्याला तेल चोळून द्यायची आणि ते बत्तीस दिवे जादा चालत राहिले. पावसाळा सरला तेव्हा मुकादम आला. या वेळी त्याने चहा घेतला, कप हातात धरून बसला आणि बाबांना ‘उद्यापासून आराम करा’ म्हणाला. त्याला कारण सांगावं असं माझ्या मनात आलं, पण बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी आत गेले. कॉलेज सोडून मी एका कचेरीत टायपिंगला लागले. त्याचं दुःख झालं, नाही असं नाही.

बाबांच्या जागी तरणा माणूस आला. आठवडाभरात त्याने आपली जवळची वाट आपणच शोधून काढली. कोणाचं काही शिकवणं लागलं नाही. मागल्या गल्लीतून तो एकदाच जायचा, झपाझप, पाठीमागे दिवे लावत.

तो पुढे गेला की बाबा खोलीतून निघायचे. देवळापाशी थोडं टेकायचे आणि गल्लीत शिरायचे. दिवे लावायचे नव्हते, काठी परत करायची नव्हती, बाकीच्या सगळ्या गल्ल्या सुटल्या होत्या. उरली होती ती फक्त पुन्हा चालायची वाट. एकदा पाय फारच सुजला म्हणून मी सोबत गेले. तिसऱ्या खांबापाशी ते नेहमीसारखे थांबले, आणि पुढे त्यांना चालवेना. घर मागच्या बाजूला होतं. “चला बाबा, इथूनच परत जाऊ,” असं माझ्या तोंडावर आलेलं मी गिळलं, त्यांचा हात खांद्यावर घेतला आणि आम्ही उरलेले तीन दिवे दरवाज्यापर्यंत चालत गेलो.