गाळलेला नकार

नकार द्यायचा तर पहिल्याच वाक्यात, असा संपादकबाईंचा नियम होता. माणसाला ताटकळत ठेवणारा गोडवा त्यांच्या डोक्यात जाई.

रुग्णांचे पलंग विकणाऱ्या एका कंपनीचा ब्लॉग त्या चालवत. घरी आजारी माणसाचं करणारे लोक त्यात लिहीत. आधी विषय कळवायचा, होकार आला की लेख. एका काकांनी ‘रुग्णसेवेचे पाच सोपे मार्ग’ असा विषय कळवला. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली होती.

बाईंनी उत्तर लिहिलं: ‘हा लेख आम्ही घेऊ शकत नाही. तुमचे पाचही मुद्दे आमच्या जुन्या लेखांत येऊन गेलेत. पण तुम्ही जाता जाता लिहिलंय, की केस धुताना बायको शिव्या घालते आणि तुम्हाला ते बरं वाटतं. का बरं वाटतं, तेवढ्यावरच लिहाल का? त्यांना विचारून. चार ओळींत कल्पना पाठवा, मी स्वतः वाचेन. छापूच असं मात्र आत्ता सांगत नाही.’

उत्तरं विक्रीसाहेबांच्या नजरेखालून जात. साहेबांनी नकार गाळला, कारण गाळलं, शिव्यांवर लिहायचं तेही गाळलं आणि वर ‘विषय फार आवडला, लेख पाठवा’ असं ठोकून दिलं. बाईंना पत्ताच नाही.

पत्ता लागला तो थेट ‘पाच सोपे मार्ग’ हा अख्खा लेख येऊन पडल्यावर. सोबत जोडीचा फोटो. नातेवाईकांना कळवलंय, बायको रोज सकाळी ‘छापून आला का’ विचारते, असंही काकांनी लिहिलं होतं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या.

“अहो, गिऱ्हाईक आहे ते. कशाला दुखवायचं?” साहेब म्हणाले. “टाका छापून.”

“म्हणजे आधी फसवायचं आणि मग कीव करायची? माझ्या नावानं?”

बाहेर येऊन त्यांनी काकांना फोन लावला आणि पहिल्याच वाक्यात नाही सांगितलं.

“मग आधी सांगायला काय झालं होतं?” काका भडकले. “हिला काय तोंड दाखवू मी आता?”

“तुमचं बरोबर आहे. मी ‘नाही’ असंच लिहिलं होतं, ते आमच्या ऑफिसात गाळलं गेलं. चूक आमची.” बाईंनी मूळ उत्तर वाचून दाखवलं. काकांचा फोन स्पीकरवर आहे हे बाईंना ठाऊक नव्हतं.

“ते शिव्यांचं खाजगी आहे,” काका पुटपुटले. “विषय कळवला तेव्हा हिला तेवढं वाचून नव्हतं दाखवलं.”

तेवढ्यात मागून एक जड, अडखळता आवाज आला. “अहो, बरं का वाटतं?”

काकांचा आवाज फोनपासून लांब गेला.

“तेवढा वेळ तू पहिल्यासारखी असतेस.”

“मग हे लिहायचं सोडून,” बायको संतापून म्हणाली, “पाच मार्ग कसले लिहीत बसलात?”