थंडीच्या दिवसांतलं खमीर

ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, मुलांनाही नाही. कुणी आमच्या जुन्या बेकरीचा विषय काढला की मी गिऱ्हाइकांच्या गमती सांगून वेळ मारून नेत असे. आता लपवून ठेवायचं तरी कुणासाठी?

पोलीस ॲक्शननंतरची दोन-तीन वर्षं असतील. बिदर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी माझ्या वडिलांची, अप्पांची, लहानशी बेकरी होती. सकाळी सरकारी दवाखान्यात आणि मोटार स्टँडवरच्या हॉटेलात आमचा पाव जाई. पाव करणारे उस्ताद मुसलमान, अप्पांच्याच वयाचे. त्या दिवसांत गावातले बरेच लोक त्यांच्याशी तुटक वागत. अप्पांनी मात्र त्यांना काढलं नव्हतं.

उस्तादांचं सगळं काम अंदाजावर चाले. आदल्या दिवशीच्या पिठाचा गोळा ते मीठ घालण्याआधीच बाजूला काढून ठेवत. तेच खमीर. संध्याकाळी ते नव्या मैद्यात मिसळून मोठ्या लाकडी काथवटीत मळत. उन्हाळ्यात खमीर थोडं आणि पाणी गार. थंडीत खमीर जास्त आणि पाणी कोमट. मग काथवट भट्टीपासून लांब, आतल्या भिंतीशी झाकून ठेवत आणि घरी जाऊन झोपत. पहाटे येऊन भट्टी पेटवायची, ती तापेपर्यंत पाव वळून साच्यात फुगू द्यायचे. पीठ आणि भट्टी एकाच वेळी तयार व्हायला हवीत, हे सगळं गणित.

त्या थंडीत हॉटेलवाल्यानं मला विचारलं, पहिल्या मोटारीच्या आधी पाव मिळेल का? मी विशीतला, अप्पांच्या हाताखाली नुकताच गल्ल्यावर बसू लागलेला. कुणाला न विचारता हो म्हणून आलो.

उस्ताद हसले. "छोटे मालक, शब्द तुम्ही दिला, आता पिठाला बी तुम्हीच सांगा. माझं तर ऐकत न्हाई ते."

"खमीर वाढवा की मग."

"वाढवलं की आंबट होतंय. थंडी हाय. पीठ निजू द्या, तुम्ही बी निजा."

अप्पाही हसले. ते हसणं मला लागलं.

उस्ताद घरी गेल्यावर मी एकट्यानं काथवट ओढत भट्टीला टेकवली. दुपारी नानखटाई भाजली होती, भिंत अजून चांगलीच गरम होती. पीठ वर आलं की भट्टी पेटवायची आणि उस्तादांना उठवून आणायचं, असं ठरवून तिथंच पोत्यावर बसलो. ऊब लागली. झोप कधी लागली, कळलं नाही.

जाग आली ती आंबट वासानं. पीठ फुगून काठावरून सांडलं होतं आणि मधे खचलं होतं. मी सांडलेलं पुसलं, काथवट होती तिथं ओढून नेली, आणि घरी जाऊन पांघरूण घेतलं.

पहाटे अप्पांची हाक आली. मी गेलो तेव्हा उस्ताद पिठात बोटं घालून उभे होते. पीठ ताणलं की तुटत होतं.

"हे मेलंय, मालक," ते अप्पांना म्हणाले. "आज पाव देऊ नका."

"दवाखान्यात काय सांगू? भाजा तसंच." मग आवाज चढला. "असं कामून झालं, उस्ताद? रोजचं काम तुमचं!"

उस्तादांनी काथवटीची बाहेरची बाजू चाचपली. तिथं राख लागलेली होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

"अंदाज चुकला असंल," ते म्हणाले.

पाव बसका आणि आंबट निघाला. दवाखान्यातून परत आला. दुपारपर्यंत बाजारात बोलणं सुरू झालं की उस्तादानं मुद्दाम केलं, आजाऱ्यांच्या पावात काहीतरी घातलं. दुसऱ्या दिवशी दुकानाकडं कुणी फिरकलं नाही. अप्पा घाबरले. उस्तादांना बोलावून म्हणाले, "थोडे दिवस येऊ नका." मी शेजारीच होतो. एक वाक्य पुरलं असतं.

ते थोडे दिवस संपलेच नाहीत. गावात त्यांना कुणी काम दिलं नाही. बिऱ्हाड हलवून ते कल्याणीला गेले.

अप्पा गेल्यानंतर मी कल्याणीला जाऊन त्यांना शोधलं. एका लहान हॉटेलात तंदूरवर रोट्या लावत होते. मला पाहून हात पुसत बाहेर आले, बाकावर बसवलं, चहा मागवला.

"अप्पा गेल्याचं ऐकलं. चांगला माणूस होता. बेकरी कशी हाय?"

"बंद केली."

"व्हय? कामून?"

"जमलं न्हाई तुमच्यावाचून."

त्यांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, "इतक्या लांब आलायसा. काही काम होतं?"

मी वाटेत बोलणं जुळवून आणलं होतं. तोंड उघडलं तेव्हा निघालं ते एवढंच: "न्हाई. मुडबीला निघालो होतो, वाटेत उतरलो."

त्यांनी मान हलवली आणि तंदूरकडं वळले. पुन्हा जाण्याआधीच ते वारल्याचं कळलं. उस्ताद, तुमचा अंदाज चुकला नव्हता. काथवट मी हलवली होती. मला माफ करा, एवढंच बोलायला मी आलो होतो.