मशिनांबरोबरची अट

छातीच्या रोग्यांचं ते घर गोदामांच्या रांगेत होतं. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत, कारण तिथे पडलेला प्रत्येक जण कधी ना कधी त्यांच्या नवऱ्याबरोबर दगडखाणीत ड्रिल चालवत होता. नवरा त्या धुळीनंच गेला. त्याची खाट वहिनींनी आठवड्याच्या आत दुसऱ्याला दिली. त्या खाटेशी चहा ठेवताना मात्र त्यांची नजर खिडकीकडे असे.

घरात हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन एकच. नळी ज्याची त्याची. मशीन मात्र पाळीपाळीनं एका खाटेकडून दुसरीकडे ढकलायचं. ज्याची पाळी संपे तो नळी काढताना म्हणे, "चला, सुटलो ड्युटीवरून." आणि सगळे खोकत खोकत हसत.

त्याच दगडखाणीच्या कंपनीचा माणूस आला तो हसरा, इस्त्रीच्या शर्टातला. सामाजिक कामाच्या निधीतून पाच मशिनं देऊ म्हणाला. दुरुस्ती आमची, वीजबिलही आमचंच. दाराशी कंपनीच्या नावाची पाटी तेवढी लावायची.

"दहा पाट्या लावा," वहिनी म्हणाल्या. "श्वास काय पाटी वाचून आत येतो?"

त्याच दुपारी त्या खाटांमधून फिरल्या. "मशिनं घ्यायची का?" एवढंच विचारलं.

"हे काय विचारणं झालं, वहिनी?" जुना ड्रिलवाला म्हणाला. "चोरानं आपलीच कोंबडी परत आणून दिली तर दार लावून घेतो का कुणी?"

मग कराराचा कागद आला. कंपनीच्या कामगारांच्या आजाराबाबत संस्था किंवा संस्थेचे डॉक्टर दाखले देणार नाहीत, कोर्टात साक्ष देणार नाहीत, असं शेवटच्या पानावर लिहिलं होतं. दर आठवड्याला येणारे डॉक्टर छातीचे फोटो उजेडासमोर धरून, खाणीतल्या कामाची वर्षं विचारून दाखला लिहीत: आजार दगडाच्या धुळीचा. त्याच एका कागदावर भरपाईचा दावा उभा राहायचा. दावा मान्य झाला की माणसामागे त्याच्या बायकोला काहीतरी मिळायचं.

देणगी घ्यायची तर विश्वस्तांचा ठराव लागतो. विश्वस्त तिघं: वहिनी, डॉक्टर आणि हिशेब बघणारे त्यांचे धाकटे दीर.

"दाखले मी माझ्या दवाखान्यातून देईन," डॉक्टर म्हणाले.

"कागदावर 'संस्थेचे डॉक्टर' लिहिलंय, साहेब. मग तुम्हाला इथलं काम सोडावं लागेल." दीर वहिनींकडे वळले. "वहिनी, दावे लागायला वर्षं जातात. माणूस आज गुदमरतोय."

"ठाऊक आहे, भाऊजी. तुमच्या भावाच्या उशाशी मीच बसले होते."

पण दाखले थांबले तर मागे राहणाऱ्या बायकांना काहीच मिळणार नव्हतं. शेवटी ठराव झाला: मशिनं आणि पाटी मान्य, अट अमान्य. वहिनींनी ते कलम खोडून, बाजूला सही करून कागद परत पाठवला. इस्त्रीच्या शर्टवाल्याचा फोन आला. आवाज अजून गोडच होता. "अटी वरून येतात हो, ताई. माझ्या हातात काय आहे?" त्यानंतर फोन नाही, मशिनंही नाहीत.

वहिनींनी खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

"त्या दिवशी हे का नाही विचारलंत?" ड्रिलवाल्यानं विचारलं.

"तेव्हा कागद आला नव्हता."

"आल्यावर विचारायचं होतं. छाती आमची, आणि सही तुमची."

ते खरंच होतं. पाच मशिनांसाठी होकार त्यांच्याकडून घेतला आणि नकार स्वतःच्या मनानं दिला. ते काय म्हणतील याची भीती वाटली म्हणूनच विचारलं नाही, हेही त्यांना कळत होतं.

त्यानंतर त्यांच्याशी कुणी कामापलीकडे बोलेना. वहिनी आत आल्या की हसणं थांबे. चहाचे पेले रिकामे परत येत, मुकाट. संध्याकाळी स्वयंपाकघरात त्या एकट्याच बसत. दोन पोळ्या लाटत, एक खात. पलीकडे मशीन ढकलल्याचा आवाज येई, पण "सुटलो ड्युटीवरून" कुणी म्हणत नसे. बोलावंसं वाटे तो एकच माणूस, त्यांचा नवरा, आणि तो तर हे एकुलतं मशीन घरात येण्याआधीच गेला होता.

ड्रिलवाल्याचा दाखला त्याच महिन्यात झाला. डॉक्टरांनी लिहिला, वहिनींनी शिक्का मारला आणि त्याच्या उशाशी ठेवला. त्यानं तो न वाचता घडी करून सदऱ्याच्या खिशात सारला.

एका संध्याकाळी भिंतीकडच्या खाटेवरच्याला धाप लागली. पाळी ड्रिलवाल्याची होती. वहिनी दारातच थबकल्या. मशीन कुणाकडे न्यायचं हे सांगायचा हक्क आपल्याला उरलाय का, ते कळेना.

ड्रिलवाल्यानं नाकातली नळी काढली. दम गोळा करायला त्याला वेळ लागला.

"उभ्या काय राहिलात, वहिनी? ढकला तिकडे."

वहिनींनी मशीन ढकललं. चाकं जमिनीच्या फटीत अडकली, नेहमीसारखी. मागून तो आणखी काही म्हणेल म्हणून त्या क्षणभर थांबल्या.

ड्रिलवाला भिंतीकडे तोंड करून पडला होता. हात दाखल्याच्या खिशावर होता.